व्हायवा झाल्यावर गाईड आणि एक्सटर्नल यांचे आभार: कधी मानायचे, काय लिहायचं

हा लेख एम.एस्सी. ॲग्रीच्या शेवटच्या सत्रात थिसिस जमा करून व्हायवाच्या तारखेची वाट पाहणाऱ्यांसाठी आहे. माझा विषय मृदाशास्त्र होता, त्यामुळे उदाहरणं मातीतली आणि सोयाबीनमधली आहेत. कृषीविद्या, वनस्पती रोगशास्त्र किंवा उद्यानविद्या घेतलेल्यांनाही क्रम हाच ठेवता येईल. थिसिस कशी लिहायची, प्रेझेंटेशन कसं करायचं हे सांगणारे सीनियर प्रत्येक वसतिगृहात भेटतात. व्हायवा झाल्यावर गाईडना आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांना काय लिहायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. मग बहुतेक जण मोबाईलवर हात जोडलेली दोन चित्रं पाठवून मोकळे होतात. ज्या माणसाने आपली थिसिस पहिल्या पानापासून परिशिष्टापर्यंत वाचली, त्याला यापेक्षा बरं काही मिळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आभार कुणाचे, हे आधी नीट पाहा

व्हायवाच्या खोलीत साधारण तीन प्रकारची माणसं असतात. पहिले आपले गाईड. कागदोपत्री ते सल्लागार समितीचे अध्यक्ष असतात. दुसरे समितीचे सदस्य: एखादे आपल्याच विभागातले, एखादे दुसऱ्या विभागातले, बऱ्याचदा एक संख्याशास्त्राचे. तिसरे एक्सटर्नल, म्हणजे विद्यापीठाने नेमलेले बाहेरचे परीक्षक. विभागप्रमुखही असतात.

या तिघांशी आपलं नातं वेगळं आहे, म्हणून आभारही वेगळे. गाईडनी सिनॉप्सिसपासून आपल्याबरोबर काम केलेलं असतं. समितीच्या सदस्यांनी अधूनमधून एखादी नेमकी गोष्ट सुधारलेली असते. एक्सटर्नलनी आपल्याला त्या दिवसाआधी पाहिलेलंही नसतं. त्यांनी फक्त आपलं लिखाण पाहिलेलं असतं. एकच मजकूर तिघांना पाठवला तर तो तिघांपैकी कुणालाच लागू होत नाही.

थिसिसमध्ये ऋणनिर्देशाचं पान आहेच, मग पुन्हा वेगळं कशाला, असं विचारलं जातं. ऋणनिर्देश व्हायवाच्या आधी लिहिलेला असतो. त्यात आई-वडील, मित्रमैत्रिणी, वसतिगृह, प्रयोगशाळा सगळे येतात आणि गाईडचा परिच्छेद बहुतेक वेळा आधीच्या बॅचच्या थिसिसवरून थोडा फिरवून घेतलेला असतो. त्या पानावर एक्सटर्नलचं नाव येऊ शकत नाही आणि येऊही नये, कारण तीच प्रत तपासणीसाठी त्यांच्याकडे जाते. जो आपल्याला पास-नापास करणार आहे त्याचे आभार त्याच प्रतीत मानणं योग्य दिसत नाही. शिवाय व्हायवात काय घडलं ते त्या पानाला ठाऊक नसतं. आभारपत्र लागतं ते याच कारणाने. खोलीत जे घडलं त्याच्यानंतरचा तो कागद आहे.

पहिली पायरी: खोलीतून बाहेर पडण्याआधी

निकाल सांगितला गेला, सह्या सुरू झाल्या, की उभं राहून दोन वाक्यं बोलायची. जास्त नको. एक्सटर्नलकडे पाहून, "सर, थिसिस इतकी बारकाईने वाचलीत, त्याबद्दल आभारी आहे. तुम्ही सांगितलेल्या दुरुस्त्या करून मी गाईड सरांना दाखवते." मग गाईड आणि समितीकडे वळून, "सर, मॅडम, तुमचेही आभार." एवढंच. परीक्षकांना पुढची गाडी पकडायची असते, फॉर्म भरायचे असतात. त्या वेळी लांब भाषण केलं की ते ऐकून घेतात, पण त्यांचं लक्ष फॉर्मवर असतं.

गाईडच्या पाया पडायचं असेल तर ते नंतर, त्यांच्या केबिनमध्ये. आपल्याकडे ही रीत आहे आणि ती मनापासून असेल तर छानच आहे. पण परीक्षकांसमोर गाईडच्या पाया पडलं की एक्सटर्नलच्याही पडावं लागतं, मग समितीच्या, आणि परीक्षेच्या खोलीत सगळेच अवघडतात.

दुसरी पायरी: त्याच संध्याकाळी प्रश्न उतरवून काढा

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही आहे, आणि आभाराशी तिचा संबंध वरवर दिसत नाही. व्हायवात विचारलेला प्रत्येक प्रश्न, आपण दिलेलं उत्तर, कुणी कुठे मदत केली, कुणी कोणतं पान उघडायला लावलं, हे सगळं त्याच संध्याकाळी वहीत लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी निम्मं विसरायला होतं आणि उरतं ते फक्त "व्हायवा छान झाला". या टिपणातूनच दुरुस्त्यांची यादी निघते आणि याच टिपणातून आभारपत्रही निघतं.

माझ्या व्हायवातला एक प्रश्न इथे पूर्ण सांगते, म्हणजे टिपणाचा उपयोग कसा होतो ते कळेल.

माझा प्रयोग काळ्या जमिनीत सोयाबीनला झिंक सल्फेटच्या वाढत्या मात्रा देण्याचा होता. हेक्टरी 0 पासून 30 किलोपर्यंत, दर 5 किलोने वाढवत, अशा 7 मात्रा आणि 3 पुनरावृत्त्या, एकूण 21 प्लॉट. पेरणीआधीच्या मातीत डीटीपीए पद्धतीने काढलेलं उपलब्ध जस्त किलोमागे 0.6 मिलिग्रॅमच्या खाली होतं. ही मर्यादा कमतरतेची मानली जाते, म्हणून प्रतिसाद मिळणं अपेक्षित होतं, आणि मिळाला. उत्पादनाचे आकडे चांगले आले होते.

एक्सटर्नलनी उत्पादनाचा तक्ता उघडला आणि विचारलं, "झिंक सल्फेटमध्ये जस्ताबरोबर गंधकही असतो. सोयाबीन तेलबिया पीक, ते गंधकालाही प्रतिसाद देतं. मग ही वाढ जस्तामुळेच आली हे कशावरून?"

प्रश्न अगदी मुळावर घाव घालणारा होता. झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेटमध्ये जस्त सुमारे 21 टक्के आणि गंधक सुमारे 11 टक्के असतो. म्हणजे मात्रा वाढवली की दोन्ही वाढतात. मी जस्ताची कमतरता, जमिनीतला मुक्त चुना असं बोलत राहिले, पण प्रश्न गंधकाचा होता. तेव्हा गाईड सर म्हणाले, "पायाभूत खतांचा तक्ता उघड. स्फुरद कशातून दिलंय?"

स्फुरद सिंगल सुपर फॉस्फेटमधून दिलं होतं, सगळ्या प्लॉटना सारखंच. हेक्टरी 60 किलो स्फुरदासाठी 16 टक्क्यांचं सुपर फॉस्फेट 375 किलो लागतं, आणि त्यातून सुमारे 41 किलो गंधक जातो. झिंक सल्फेटच्या सर्वांत मोठ्या मात्रेतून, 30 किलोतून, येणारा गंधक जेमतेम 3.3 किलो. नियंत्रण प्लॉटलाही 41 किलो मिळालेला असताना या सव्वातीन किलोंवर उत्पादनातल्या फरकाचं श्रेय टाकता येत नाही. हे हिशेब मी फळ्यावर मांडले. एक्सटर्नल म्हणाले, "बरोबर. पण हे थिसिसमध्ये कुठे लिहिलंय? वाचणाऱ्याला मी विचारल्याशिवाय कसं कळणार?"

संध्याकाळी हे उतरवून काढताना मला दुसरी गोष्ट आठवली. सिनॉप्सिसच्या वेळी मी स्फुरदासाठी डीएपी लिहिलं होतं, कारण विभागाच्या गोडाऊनमध्ये ते सहज मिळत होतं. सरांनी ते खोडून सुपर फॉस्फेट लिहिलं आणि ते आलं नाही तोवर पेरणीची तयारी थांबवली. डीएपीत गंधक नसतो. तेव्हा डीएपी वापरलं असतं तर एक्सटर्नलच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तरच नसतं. दोन हंगामांपूर्वीची ती खाडाखोड नेमकी कशासाठी होती, ते मला व्हायवाच्या खोलीत समजलं.

टिपण नसतं तर माझ्या पत्रात "आपल्या अमूल्य मार्गदर्शनामुळे" एवढंच आलं असतं. टिपणामुळे एक्सटर्नलना काय लिहायचं आणि गाईडना काय लिहायचं, दोन्ही आपोआप ठरलं.

तिसरी पायरी: आधी दुरुस्त्या, मग पत्र

एक्सटर्नलना लगेच त्या रात्री मेल पाठवू नका. त्यांचा अहवाल विद्यापीठाकडे जायचा असतो, सही केलेले कागद महाविद्यालयातून पुढे जायचे असतात. तो अहवाल जाईपर्यंत ते आपले परीक्षक आहेत. या काळात परीक्षार्थीकडून आलेला गोड मेल त्यांनाही अवघड वाटतो, आणि तो कुणी पाहिला तर गैरसमज होऊ शकतो. अहवाल गेला का, हे गाईडना विचारा. एक्सटर्नलना लिहिलं तर चालेल का, हेही त्यांनाच विचारा. काही गाईड म्हणतात, "माझ्याकडे दे, मी पाठवतो." तेही चालतं. परीक्षकांचा वैयक्तिक मोबाईल नंबर कुठून तरी मिळवून संदेश पाठवण्यापेक्षा त्यांच्या संस्थेच्या मेलवर लिहिणं केव्हाही सभ्यपणाचं.

थांबण्याचं खरं कारण मात्र वेगळं आहे. मधल्या दिवसांत दुरुस्त्या पूर्ण होतात, आणि परीक्षकांना सांगण्यासारखं आपल्याकडे काहीतरी तयार असतं. त्यांनी सांगितलेलं आपण केलं, अमुक पानावर केलं, हे कळवणं म्हणजेच त्यांचे आभार. ज्यांनी थिसिस वाचण्यात वेळ घातला, त्यांना आपला वेळ वाया गेला नाही हे कळावं, एवढीच अपेक्षा असते.

माझ्या बाबतीत दोन दुरुस्त्या होत्या. पहिली गंधकाची. साहित्य आणि पद्धती या प्रकरणात एक परिच्छेद आणि एक छोटा तक्ता वाढवला, ज्यात प्रत्येक मात्रेतून आणि पायाभूत खतातून गेलेला गंधक मांडला. दुसरी तक्त्यांची. तेलाच्या प्रमाणात मात्रांमुळे आलेला फरक एफ टेस्टमध्ये लक्षणीय नव्हता, तरी रकान्याखाली सीडीची किंमत छापली होती. फरक लक्षणीय नसेल तिथे सीडी देऊ नये, "एनएस" लिहावं, असं एक्सटर्नलनी सांगितलं. ही दुरुस्ती छोटी वाटते, पण ती किंमत पाहून वाचणारा दोन मात्रांची तुलना करू लागतो आणि नसलेला फरक शोधतो. म्हणून सगळे तक्ते त्याच नजरेने पुन्हा तपासले.

एक्सटर्नलना पत्र

पत्र लहान हवं, मोबाईलच्या पडद्यावर एका नजरेत मावेल एवढं. परीक्षक महाराष्ट्रातले, मराठी बोलणारे असतील तर मराठीत लिहा. बाहेरच्या राज्यातले असतील तर इंग्रजीत लिहावं लागेल, पण बांधणी हीच ठेवा. विषयाच्या ओळीत नुसतं "आभार" न लिहिता महाविद्यालय, व्हायवाची तारीख आणि थिसिसचा विषय लिहा. परीक्षक एका मोसमात अनेक थिसिस पाहतात, नुसत्या नावावरून त्यांना आपण आठवत नाही.

मी लिहिलं ते असं:

> आदरणीय सर,
> सविनय नमस्कार.
>
> सोयाबीनमधील झिंक सल्फेटच्या मात्रांवरील माझ्या थिसिसचा व्हायवा आपण घेतलात. आपल्या सूचनांप्रमाणे दुरुस्त्या पूर्ण झाल्या असून मार्गदर्शकांनी त्या तपासल्या आहेत.
>
> झिंक सल्फेटमधील गंधकाबद्दल आपण विचारलेला प्रश्न मला फार उपयोगी पडला. प्रयोगात त्याचं उत्तर होतं, पण लिखाणात नव्हतं. आता साहित्य आणि पद्धती या प्रकरणात सुपर फॉस्फेट आणि झिंक सल्फेट या दोन्हींतून गेलेल्या गंधकाचा तक्ता दिला आहे. फरक लक्षणीय नसलेल्या सर्व रकान्यांतील सीडी काढून तिथे एनएस लिहिलं आहे.
>
> थिसिस इतक्या बारकाईने वाचल्याबद्दल आपली मनापासून आभारी आहे.
>
> आपली नम्र,

खाली नाव, विभाग, महाविद्यालय. बस.

या पत्रात काय नाही तेही पाहा. "आपल्यासारख्या थोर शास्त्रज्ञाचे पाय आमच्या महाविद्यालयाला लागले" असं काही नाही. विशेषणं जितकी वाढतात तितका प्रश्न मागे पडतो. कुठलीही विनंती नाही. पीएच.डी.साठी तुमच्याकडे जागा आहे का, शिफारसपत्र द्याल का, जेआरएफच्या जाहिराती कळवाल का, हे या पत्रात एका ओळीनेही येऊ नये. आलं की वरचा सगळा मजकूर त्या ओळीची प्रस्तावना वाटू लागतो. खरोखर विचारायचं असेल तर पदवीचा निकाल अधिकृतपणे जाहीर झाल्यावर वेगळं पत्र लिहा आणि गाईडना सांगून लिहा.

उत्तर आलं नाही तर पुन्हा मेल करू नका. "सर, माझा मेल मिळाला का?" या प्रश्नाने आभाराचं रूपांतर तगाद्यात होतं. उत्तर आलं तर एका ओळीत धन्यवाद म्हणा आणि थांबा.

पत्र नीट उतरलं आहे का हे ओळखायची माझी खूण अशी: पत्रातून परीक्षकांचं नाव आणि आपलं नाव झाका आणि शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीला वाचायला द्या. थिसिस कशावर होती आणि परीक्षकांनी काय विचारलं, हे तिला सांगता आलं तर पत्र पाठवायला हरकत नाही.

गाईडना पत्र

गाईडना मेल नको, हाताने लिहिलेलं पत्र द्या. आपण त्यांना रोज भेटत होतो, म्हणून बोलून सांगता येईल असं वाटतं, पण केबिनमध्ये उभं राहिलं की आपल्याला फक्त "थँक यू सर" सुचतं आणि तेही "बरं, बरं, पेपर कधी लिहिणार?" म्हणून विषय बदलतात. बाउंड कॉपी द्यायला जाल तेव्हा आत पत्र घालून द्या. त्यांना ते निवांत वाचता येतं.

दोन वर्षांत गाईडनी शंभर गोष्टी केलेल्या असतात. सगळ्या लिहू नका, एक किंवा दोन निवडा. निवडताना एक पाहा: त्या वेळी आपल्याला कळली नव्हती आणि नंतर कळली अशी गोष्ट कोणती? बहुतेक गाईडचं खरं काम तिथेच असतं. सिनॉप्सिसमधला एखादा बदल, एखादा नमुना पुन्हा तपासायला लावणं, निष्कर्षातला "सिद्ध झाले" हा शब्द खोडून "दिसून आले" करणं. ते करताना विद्यार्थी कुरकुरतो, आणि करून घेणाऱ्याला त्याची पोच कधीच मिळत नाही. पत्रात ती पोच द्यायची.

माझ्या पत्राचा मधला भाग असा होता:

> सर, सिनॉप्सिसमध्ये मी डीएपी लिहिलं होतं आणि तुम्ही ते खोडून सुपर फॉस्फेट केलंत. खत येईपर्यंत पेरणी थांबली तेव्हा मला वाटलं होतं की उगाच उशीर होतोय. व्हायवात एक्सटर्नल सरांनी गंधकाबद्दल विचारलं तेव्हा त्या बदलाचं कारण मला कळलं. तुम्ही उत्तर स्वतः दिलं नाहीत, फक्त तक्ता उघडायला सांगितलात, त्यामुळे हिशेब मलाच मांडता आला. प्रयोग आखताना पुढच्या प्रश्नांचा विचार कसा करायचा, हे मी तुमच्याकडून शिकले.

गाईडशी आपण "सर, तुम्ही" असं बोलत असू तर पत्रातही "तुम्ही" ठेवा. एक्सटर्नलना "आपण" शोभतं. रोज ज्यांच्याबरोबर प्लॉटवर फिरलो, त्यांना एकदम "आपल्या चरणी" लिहिलं की पत्र दुसऱ्याच कुणीतरी लिहिलंय असं वाटतं. शेवटी "तुमची विद्यार्थिनी" एवढं पुरेसं आहे.

समितीचे सदस्य

त्यांना लांब पत्राची गरज नाही. भेटून, एकेक नेमकी गोष्ट सांगून आभार माना. आमच्या समितीतल्या संख्याशास्त्राच्या मॅडमनी सिनॉप्सिसच्या वेळी 6 मात्रांऐवजी 7 घ्यायला सांगितलं होतं. 3 पुनरावृत्त्यांत 6 मात्रा घेतल्या तर एररचे डिग्रीज ऑफ फ्रीडम 10 येतात, 7 घेतल्या तर 12. प्रयोगाची आखणी करताना ते निदान 12 असावेत असं त्यांचं सांगणं होतं. व्हायवानंतर मी त्यांना म्हटलं, "मॅडम, सातवी मात्रा घ्यायला लावलीत, तिचा उपयोग झाला." त्या हसल्या आणि सांख्यिकी विश्लेषणाबद्दल एकही प्रश्न आला नाही याची आठवण त्यांनीच करून दिली. प्रयोगशाळेतल्या सहायकांना आणि प्लॉटवर खुरपणी केलेल्या बायकांना याच दिवसांत भेटून या. थिसिसमधल्या ऋणनिर्देशात नाव आलं तरी ते पान त्यांच्यापर्यंत क्वचितच पोचतं.

शाल, श्रीफळ, जेवण आणि पाकीट

यावर माझं मत ठाम आहे. एक्सटर्नलना विद्यार्थ्याने काहीही देऊ नये, ना व्हायवाच्या आधी, ना त्या दिवशी, ना अहवाल जाईपर्यंत. प्रवासभत्ता आणि मानधन विद्यापीठ देतं. विभागाकडून चहा-नाश्ता असतोच. काही ठिकाणी बॅचमधले सगळे वर्गणी काढून जेवण आणि भेटवस्तू ठरवतात, आणि ज्याच्या घरी पैशांची ओढाताण आहे तो नाही म्हणू शकत नाही. तुम्ही वर्गणी काढणाऱ्यांपैकी असाल तर ती काढू नका. काढली जात असेल तर विभागातल्या विश्वासू शिक्षकांशी बोला. परीक्षेच्या दिवशी दिलेली वस्तू कितीही भक्तिभावाने दिली तरी घेणाऱ्यावर आणि देणाऱ्यावर सावली पाडते. सरळ मनाच्या परीक्षकांना ती नकोच असते.

गाईडना द्यायचं असेल तर बाउंड कॉपी आणि पत्र. महाविद्यालयाच्या नियमाने एक प्रत त्यांच्याकडे जातेच, पण त्या प्रतीच्या सुरुवातीच्या कोऱ्या पानावर हाताने दोन ओळी लिहिल्या तर ती प्रत त्यांची होते. दुरुस्त्या झालेलीच प्रत द्या. घाईत जुनीच बांधून दिली तर एक्सटर्नलनी सांगितलेली चूक गाईडच्या कपाटात कायम राहते. कृषीकोष या संग्रहावर जाणारी फाईलही दुरुस्त केलेलीच आहे ना, हे तपासा. देशभरच्या कृषी विद्यापीठांच्या थिसिस तिथे ठेवल्या जातात आणि पुढचे विद्यार्थी तीच फाईल उघडणार असतात.

अवघड प्रसंग

एक्सटर्नल कडक बोलले असतील, तर पत्रात त्याचा उल्लेख करू नका, गोड शब्दांतही नको. "आपल्या कठोर प्रश्नांमुळे" असं लिहिलं की राग अजून आहे हे कळतं. प्रश्न काय होता आणि त्यावर काय केलं, एवढंच लिहा. प्रश्न चुकीचा वाटला असेल तर तो वाद आभारपत्रात घालू नका. एखादी दुरुस्ती पटत नसेल तर कारणांसह टिपण गाईडना द्या आणि मार्ग त्यांच्यामार्फत काढा. ते मिटेपर्यंत पत्र थांबवा.

गाईडनी फारसा वेळ दिला नसेल, हाही प्रसंग काही जणांवर येतो. तेव्हा खोटं लिहू नका आणि टोमणाही मारू नका. प्रत्येकाकडून काही ना काही मिळालेलं असतं: प्रयोगशाळेची परवानगी, प्लॉटची जागा, वेळेवर झालेली सही. जे मिळालं तेवढ्याचे दोन ओळींत आभार माना. "तुमच्या प्रयोगशाळेतलं एएएस यंत्र वापरायला मिळालं, म्हणून जस्ताची सगळी तपासणी इथेच झाली" हे वाक्य खरं असेल तर ते दहा ओळींच्या खोट्या स्तुतीपेक्षा जड आहे.

व्हायवा झाला की खोलीतले फोटो व्हॉट्सॲप स्टेटसला टाकायची घाई होते. एक्सटर्नल असलेला फोटो टाकू नका. त्यांना विचारलेलं नसतं आणि अधिकृत निकाल लागायचा असतो. गाईडबरोबरचा फोटो त्यांना विचारून टाका.

थिसिसमधून पेपर निघाला तर

इथे नवख्यांचा एक गोंधळ होतो. गाईडचं नाव सहसा पेपरच्या लेखकांत असतं, त्यामुळे पेपरच्या आभाराच्या ओळीत त्यांचे आभार मानायचे नसतात. लेखक स्वतःचेच आभार मानत नाहीत. लेखकांचा क्रम आणि पत्रव्यवहाराचा लेखक कोण, हे मसुदा लिहिण्याआधीच गाईडशी बोलून ठरवा. समितीतल्या सदस्यांपैकी ज्यांनी आखणीत किंवा विश्लेषणात खरं काम केलं, त्यांचं नाव लेखकांत येईल की आभारात, हेही तेव्हाच ठरवा.

एक्सटर्नलच्या प्रश्नामुळे पेपरमध्ये काही भर पडली असेल तर त्यांचा उल्लेख आभाराच्या ओळीत करता येतो, पण आधी त्यांची परवानगी घ्या. नाव छापलं की वाचणाऱ्याला वाटतं, पेपरमधले निष्कर्ष त्यांना मान्य आहेत. विचारताना ती ओळ जशीच्या तशी मेलमध्ये लिहून पाठवा, म्हणजे त्यांना हो किंवा नाही एवढंच कळवावं लागेल. माझ्या मसुद्यातली ओळ अशी आहे: "दिलेल्या गंधकाचा स्वतंत्र हिशेब मांडण्याची सूचना केल्याबद्दल लेखक थिसिसच्या बहिःस्थ परीक्षकांचे आभारी आहेत." एक्सटर्नलनी नाव नको असं कळवलं, म्हणून ओळीत फक्त पद ठेवलं आहे.